काठावर घ्या, मध्यावर सोडा

समजा, एखादा शेअर दोन महिने ४८० ते ५२० रुपयांच्या पट्ट्यात फिरतो आहे. ४८४ ला खरेदी करायची आणि ५०० ला, म्हणजे मध्यावर, विकून मोकळे व्हायचे. ५२० पर्यंत का थांबू नये? कारण मध्यापर्यंतच्या सौद्याला एकच गृहीतक पुरते: खालचा काठ अजून टिकून आहे. मध्य ओलांडल्यावर भाव काठापासून दूर गेलेला असतो, त्याला ओढणारे कारण विरलेले असते आणि पुढची चाल बरीचशी नाणेफेकच ठरते.

बाहेर पडण्याचा नियम खरेदीआधीच लिहून ठेवावा: दिवसाचा बंद भाव ४७६ च्या खाली गेला, तर विक्री. दिवसभरात भाव क्षणभर खाली डोकावून परततो, म्हणून बंद भाव पाहायचा. यावर आक्षेप रास्त आहे: बंद होईपर्यंत भाव ४७२ पर्यंत घसरला तर तोटा आठऐवजी बारा रुपये होतो. सोळाच्या नफ्यासमोर बाराचा तोटा, म्हणजे खर्च सोडूनही शंभरात किमान त्रेचाळीस सौदे यशस्वी हवेत. नियम असला तरी ठरलेला भाव मिळेलच असे नाही. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोसाठी राखलेली १.२० फ्रँकची पातळी अचानक सोडली, तेव्हा अनेकांचे स्टॉप-लॉस कितीतरी खालच्या भावाला पुरे झाले. त्यामुळे सौद्याचा आकार स्टॉप-लॉसच्या भरवशावर वाढवू नये, आणि पट्टा तुटल्यावर ‘स्वस्त झाला’ म्हणून सरासरी तर मुळीच करू नये.