हाक वाया घालवू नका

संध्याकाळी दादरच्या शिवाजी पार्कवर एकाच वेळी क्रिकेटचे कितीतरी डाव रंगलेले असतात. कट्टा माणसांनी भरलेला, जमिनीवर भेळेचे कागद आणि कडेला तिथलीच भटकी कुत्री. कुठल्याही गजबजलेल्या मैदानावर थोड्याफार फरकाने हेच चित्र असतं, आणि त्यात एखादं आठ महिन्यांचं पिल्लू चेंडूमागे सुसाट सुटलेलं असतं. मागून मालक ओरडत असतो, “ब्रूनो, ये! ब्रूनो, इकडे ये! ब्रूनो!”

ब्रूनो हट्टी नसतो. हाकेकडे लक्ष दिलं नाही तरी काही बिघडत नाही, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं. शिवाय कधी चुकून आलाच, तर लगेच पट्टा लागतो आणि वरात घराकडे निघते. उशीर झाला म्हणून वर बोलणीही बसतात. मालकाजवळ जाणं म्हणजे मजा संपणं, एवढा धडा त्याच्या डोक्यात पक्का बसतो.

त्यात वयाची भर. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाच महिन्यांची असताना मालकाचं ऐकणारी पिल्लं आठव्या महिन्यात मालकाची तीच आज्ञा मानायला कुचराई करत होती. परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. म्हणजे शिकलेलं विसरलं नव्हतं, कुत्रं वयात येत होतं. याच काळात मालकाचा संयम सुटतो आणि हाक कायमची बिघडते.

बिघडलेली हाक दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा शब्द घ्यावा. शिट्टीचा सूर कधी चिडका होत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण जिथे प्रशिक्षक सतत शिट्ट्या फुंकतात, तिथे ती निरुपयोगी. “टुकटुक!” असा घरात एरवी न वापरला जाणारा, खणखणीत शब्द चालतो. सुरुवात घरातच करायची. आधी शब्द, मग क्षणभराने उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. हा क्रम महत्त्वाचा आहे. हात आधी खिशाकडे गेला, तर कुत्रं शब्द ऐकण्याऐवजी हातावर नजर ठेवायला शिकतं. पाठमोरं असतानाही शब्द ऐकून ते गर्रकन वळलं, की मैदानावर जायला हरकत नाही.

मैदानावर दहा मीटर लांबीची दोरी हवी. ती गळ्यातल्या पट्ट्याला न लावता हार्नेसला लावायची, कारण धावत्या कुत्र्याला दोरी संपताच बसणारा हिसका मानेला इजा करू शकतो. दोरी हाताभोवती गुंडाळायची नाही, आणि मुलं खेळत असतील तिथे ती पसरू द्यायची नाही.

आता क्रिकेटपासून साठेक मीटरवर उभं राहायचं. कुत्रं खेळाकडे टक लावून बघतंय, पण हातातला तुकडा खातंय, तर अंतर बरोबर आहे. चिकनही नाकारलं, तर आपण फार जवळ आलो असं समजून मागे जायचं. खेळावरची नजर जरा ढळली की एकदाच “टुकटुक!” म्हणायचं आणि आपण चार पावलं मागे पळायचं, पळणाऱ्याच्या मागे कुत्रं आपसूक येतं. गुडघ्यापाशी आल्यावर एका हाताने गळ्यातला पट्टा धरायचा, दुसऱ्या हाताने एकामागून एक तीन-चार तुकडे भरवायचे. पट्टा धरण्याची ही सवय नसेल, तर कुत्रं हातभर अंतरावर येऊन हुलकावणी देतं.

आणि मग “जा” म्हणून त्याला पुन्हा हुंगायला, बघायला सोडायचं. बहुतेक मालक नेमकं हेच करत नाहीत. दहापैकी नऊ हाकांनंतर मोकळीक मिळाली, तर दहाव्या वेळी घरी न्यायला लावलेला पट्टा कुत्र्याला डाचत नाही.

समजा, नाहीच आलं. तरी शब्द दुसऱ्यांदा उच्चारायचा नाही आणि दोरी ओढून आणायचंही नाही. दोरी फक्त धरून ठेवायची, म्हणजे चेंडूमागे धावण्याचं बक्षीस त्याला मिळत नाही. मग शांतपणे त्याच्याजवळ जाऊन, त्याला लांब नेऊन, सोप्या जागी पुन्हा प्रयत्न करायचा. दहापैकी आठ वेळा पहिल्या हाकेला येऊ लागलं की खेळाच्या दहा मीटर जवळ सरकायचं. चेंडू जमलेलं कुत्रं भटक्या कुत्र्यांसमोर पुन्हा नापास होऊ शकतं. त्यांच्यासाठी सगळं लांबून, नव्याने सुरू करावं लागतं. यात आठवडे नाही, महिने जातात.

एवढं करूनही शंभर टक्के खात्री कुठलाच जाणता प्रशिक्षक देत नाही. अनेक सार्वजनिक उद्यानांत कुत्र्यांना प्रवेशच नसतो, तेव्हा फाटकावरची पाटी आधी वाचावी. जिथे प्रवेश आहे, तिथेही कुत्र्याला घाबरणारी मुलं आणि म्हातारी माणसं असतातच. गर्दीत कुत्रं कितीही शहाणं झालं, तरी कृपा करून दोरी सोडू नका.