एकशे ऐंशीचा फरक

रात्री शटर अर्धं ओढून किराणा दुकानदार गल्ला मोजायला बसतो, तेव्हा तो सरसकट बेरीज करत सुटत नाही. आधी एकेक किमतीच्या नोटा वेगळ्या करतो, प्रत्येकीचे नग मोजतो आणि मग गुणाकार करतो. बँकेत पैसे भरण्याच्या स्लिपवरही हाच तक्ता असतो. सरसकट बेरजेत चूक झाली तर ती कुठे झाली हे कळायला मार्ग नसतो. नग लिहिलेले असले की चूक शोधता येते.

एका संध्याकाळचा गल्ला घेऊ. पाचशेच्या २३ नोटा म्हणजे ११,५००. दोनशेच्या १४, म्हणजे २,८००. शंभराच्या ३७ नोटांचे ३,७००, पन्नासच्या १८ चे ९००, वीसच्या २६ चे ५२० आणि दहाच्या ४१ चे ४१०. नाणी दहा-दहाच्या चळती लावून मोजली, ती २९० रुपयांची भरली. एकूण २०,१२०.

आता वही. सकाळी गल्ल्यात सुट्टे १,५०० ठेवले होते, रोख विक्री २०,६४०, दूधवाला आणि हमालाला दिले १,८४०. यूपीआयचे पैसे यात धरायचे नाहीत, ते गल्ल्यात आलेलेच नसतात. म्हणजे हातात २०,३०० हवेत. १८० कमी आहेत.

मुरलेला दुकानदार इथे सगळं पुन्हा मोजत नाही. दोनशेतून वीस गेले की १८० उरतात, म्हणून तो थेट वीसची गड्डी उचलतो. २०१९ साली आलेली वीसची नोट हिरवट पिवळी आणि दोनशेची गडद पिवळी. ट्यूबलाइटखाली थकलेले डोळे फसतात. पण दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब, नवी वीसची १२९. गड्डीची एक कड टेबलावर ठोकून सारखी केली की दुसऱ्या बाजूने दोनशेची नोट दीड सेंटिमीटरहून जास्त बाहेर डोकावते. तशी ती सापडलीच, तर दोनशेच्या १५ आणि वीसच्या २५ होतात आणि हिशोब जुळतो. याच न्यायाने चारशेचा फरक आला तर शंभराच्या गड्डीत पाचशेची नोट शोधावी.

गड्डी स्वच्छ निघाली तर वहीकडे वळायचं. आकड्यांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नऊने नि:शेष भाग जातो, आणि १८० लाही तो जातो. ३१० ची विक्री १३० लिहिली, तर फरक बरोबर १८०. मात्र त्याने वहीतली शिल्लक घटते आणि गल्ला जास्त दिसतो. इथे गल्ला कमी आहे, म्हणून शोधायची ती उलटी चूक: १३० चे ३१० झाले का, किंवा दिलेली रक्कम कमी लिहिली गेली का.

एक पथ्य मला फार महत्त्वाचं वाटतं. नग लिहून होईपर्यंत वहीतला आकडा बघू नये. तो माहीत असला की हात नकळत तिथवरच मोजून थांबतो.

गड्डीही बरोबर आणि वहीही बरोबर, तर बहुधा गर्दीत कुणाला तरी मोड देताना वीसऐवजी दोनशे गेले. ते मोजणीतून सापडणार नाहीत. खिशातून भर घालून आकडा जुळवण्यापेक्षा रोजकीर्दीत ‘रोख कमी १८०’ अशी नोंद करावी आणि उद्याचे सुट्टे बाजूला काढून गल्ला बंद करावा.