डिडक्टिबल घेऊन हेल्थ पॉलिसीचा प्रीमियम कमी करावा का?

व्हिडिओत आकडे पटापट पुढे जातात, म्हणून आजचा हिशोब इथे सावकाश लिहून देतोय. शेजारी वही-पेन घेऊन बसा.

हेल्थ पॉलिसी घेताना एजंट एक पर्याय दाखवतो. "वर्षाला पहिले ५० हजार तुम्ही भरा, त्यावरचं कंपनी भरेल, प्रीमियम एवढा कमी होईल." हे जे पहिले ५० हजार आहेत, त्यांना डिडक्टिबल म्हणतात. ते तुम्ही स्वतःहून निवडलेलं असतं, म्हणून व्हॉलंटरी. को-पे ही वेगळी गोष्ट आहे. को-पेमध्ये प्रत्येक क्लेमचा ठरावीक टक्का तुमच्यावर येतो, बिल मोठं तर तुमचा वाटाही मोठा. डिडक्टिबलमध्ये तुमचा आकडा आधीच ठरलेला असतो.

आता आपल्या कोयनानगरचंच उदाहरण घेऊ. समजा, एका जोडप्याचा नाश्त्याचा स्टॉल आहे आणि दोन मुलं आहेत. पावसाळ्यात नेहरू उद्यानाला, ओझर्डे धबधब्याला गर्दी असते तेव्हा गल्ला भरतो, एरवी जेमतेम. त्यांनी चौघांची १० लाखांची फ्लोटर पॉलिसी बघितली. समजायला सोपे पडावेत म्हणून आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या वयाप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे ते बदलतील.

डिडक्टिबल नसेल तर प्रीमियम २४,००० रुपये. ५० हजारांचं डिडक्टिबल घेतलं तर ३० टक्के सूट, म्हणजे १६,८००. वर्षाला वाचले ७,२००. आता ५०,००० ला ७,२०० ने भागा. उत्तर येतं जवळजवळ ७. याचा अर्थ, सात वर्षांत एकदाच ५० हजारांच्या वरचा दवाखाना झाला तर हिशोब बरोबरीत सुटतो. त्याआधीच झाला, किंवा दोनदा झाला, तर सूट महागात पडली. सात वर्षं कोणी आजारीच पडलं नाही, तर फायदा तुमचा. चार जणांच्या घरात लहान मुलं आहेत की साठीच्या पुढचे आई-वडील, यावर हे उत्तर बदलतं, म्हणून हा भागाकार आपल्या घरचा आकडा घेऊनच करायचा.

आता दवाखान्याचं वर्ष बघू. जुलैत मुलाला ॲडमिट केलं, बिल ३८,०००. त्यातले ४,००० हातमोजे, रजिस्ट्रेशन अशा न मिळणाऱ्या खर्चाचे, म्हणजे मान्य रक्कम ३४,०००. जानेवारीत बायकोचं ऑपरेशन, बिल ९०,०००, मान्य रक्कम ८४,०००. एकूण बिल १,२८,०००, मान्य १,१८,०००.

डिडक्टिबल वर्षभराचं एकत्रित असेल, तर १,१८,००० मधून एकदाच ५०,००० वजा होतात आणि कंपनी ६८,००० देते. खिशातून गेले ६०,०००. पण तेच डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला लागू असेल, तर जुलैत काहीच मिळत नाही आणि जानेवारीत ३४,००० मिळतात. खिशातून गेले ९४,०००. डिडक्टिबल नसतंच, तर फक्त १०,००० गेले असते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: "हे वर्षाला एकदा आहे की दर क्लेमला?" पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळतं, त्यात डिडक्टिबलची नोंद असते. तोंडी उत्तरावर थांबू नका, तिथे वाचा. पत्रकात बोलल्यापेक्षा वेगळं निघालं, तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

या हिशोबात दोन गोष्टी बघा. पहिली, मान्य नसलेले ४,००० आणि ६,००० डिडक्टिबलमध्ये मोजले गेले नाहीत, ते वेगळेच गेले. दुसरी, जुलैचं बिल ५० हजारांच्या आत होतं. अशा वेळी लोक म्हणतात, काही मिळणारच नाही, कशाला कळवायचं? आणि बिलं हरवतात. मग जानेवारीत ते ३४,००० वर्षाच्या एकूण रकमेत धरायला पुरावाच राहत नाही. त्यामुळे छोटं बिल असलं तरी डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि मुदतीत कंपनीला कळवा.

आता मुद्द्याची गोष्ट. कॅशलेस असलं तरी डिडक्टिबलचे पैसे तुम्हालाच दवाखान्यात भरावे लागतात. मोठ्या उपचाराला आपण कराडला किंवा साताऱ्याला जातो, तिथे काउंटरवर रोख किंवा यूपीआय लागतं. स्टॉलवाल्या जोडप्याकडे मे महिन्यात दोन लाखांचा माल भरलेला असेल, पण तो माल काउंटरवर चालत नाही. व्यापाऱ्याचं भांडवल आणि आजारपणाचा पैसा एकाच गल्ल्यात असेल, तर आजारपणात दुकान रिकामं होतं, किंवा उसने काढावे लागतात. म्हणून माझा नियम सरळ आहे: जेवढं डिडक्टिबल, तेवढी रक्कम वेगळ्या एफडीत किंवा बचत खात्यात आधी ठेवा, मग सूट घ्या. धंदा नवा आहे, कर्जाचा हप्ता चालू आहे, बाजूला पैसा नाही, तर पूर्ण प्रीमियम भरा किंवा १०-१५ हजारांचं छोटं डिडक्टिबल मिळतंय का बघा.

डिडक्टिबल सगळ्यात चांगलं कोणाला बसतं? ज्याच्या घरात जोडीदाराला नोकरीच्या ठिकाणी ग्रुप इन्शुरन्स आहे आणि त्यात कुटुंब धरलेलं आहे, त्याला. पहिले ५० हजार ग्रुप पॉलिसीतून जातात, त्यावरचं तुमच्या पॉलिसीतून. पण घेण्याआधी कंपनीकडून खात्री करा की दुसऱ्या विम्यातून भरलेली रक्कम ते डिडक्टिबलमध्ये धरतात, आणि ग्रुपवाल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर जपून ठेवा. नोकरी सुटली की तो विमाही सुटतो, हेही ध्यानात असू द्या.

काही जण म्हणतात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच, ती डिडक्टिबल भरेल. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांपुरतेच. तुमचा उपचार यादीत बसला तर योजनेतूनच करा. यादीबाहेरच्या ॲडमिशनला डिडक्टिबल तुमच्याच खिशातून जाईल, म्हणून एफडीची जागा योजना घेत नाही.

शेवटची अडचण म्हणजे परत फिरण्याची. आज ५० हजारांचं डिडक्टिबल घेतलं आणि पाच वर्षांनी शुगर निघाल्यावर काढायचं म्हटलं, तर ते संरक्षण वाढवण्यासारखं असतं. कंपनी तब्येतीची चौकशी पुन्हा करू शकते, नाही म्हणू शकते. काही योजनांत ठरावीक वर्षांनी डिडक्टिबल काढायची सोय असते. तशी अट लिहिलेली असेल तर तरुण वयात डिडक्टिबल घेणं जास्त सोयीचं.

आता करायचं काय? त्याच वयाची, त्याच रकमेची दोन कोटेशन मागा, एक डिडक्टिबलसह, एक त्याशिवाय. कोटेशन ताजंच घ्या, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे आणि जुन्या आकड्यांत वर्षाची बचत फुगलेली दिसते. फरकाने डिडक्टिबलला भागा. येणारी वर्षं वहीत लिहा आणि शेजारी आजची एफडी लिहा. एफडीचा आकडा डिडक्टिबलपेक्षा कमी असेल, तर सूट कितीही मोठी दिसली तरी यंदा नको. वाचलेल्या पैशाची एफडी भरून पुढच्या रिन्युअलला तो पर्याय पुन्हा मागता येतो.