डॉट की डॅश? कॉलेजच्या नावाने आलेला मेल कसा तपासावा

समजा, लातूरच्या एका मुलीला सीईटीत ९१ पर्सेंटाइल मिळाले आहेत. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या सुरू आहेत, घरात रोज कटऑफच्या याद्या चाळल्या जात आहेत आणि अशात दुपारी तिला एक मेल येतो. पुण्यातल्या एका नामांकित खासगी कॉलेजात कॉम्प्युटर शाखेची जागा तिच्यासाठी राखून ठेवली आहे, शिवाय गुणवत्ता शिष्यवृत्ती म्हणून निम्मी फी माफ. सोबत पीडीएफ पत्र, त्यावर कॉलेजचा लोगो, गोल शिक्का, प्राचार्यांची निळ्या शाईतली सही. अट एकच: आज संध्याकाळी पाचपर्यंत १८,५०० रुपये अनामत भरायची, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. पत्रात तिचं पूर्ण नाव, अर्ज क्रमांक आणि पर्सेंटाइल बिनचूक आहे.

हा नमुना मी रचलेला आहे; मात्र प्रवेशाच्या हंगामात फिरणारे मेल साधारण याच घडणीचे असतात. घरच्यांचा विश्वास बसतो तो बहुधा शेवटच्या तपशिलावर. ‘कॉलेजशिवाय आपला अर्ज क्रमांक कुणाला माहीत असणार?’ उत्तर असं की सगळ्यांना. सीईटी सेलची गुणवत्ता यादी जाहीर असते आणि तिच्यात नाव, अर्ज क्रमांक, गुण असं सगळं असतं. फोन नंबर आणि मेल आयडी आपण करिअर मेळाव्यांत, क्लासच्या डेमो लेक्चरला, ‘तुमचं कॉलेज ओळखा’ छापाच्या फॉर्मांत स्वतःच लिहून दिलेले असतात. लोगो आणि शिक्का कॉलेजच्याच एखाद्या जुन्या परिपत्रकावरून उचलता येतो. म्हणजे पीडीएफ कितीही निरखून पाहिलं, तरी त्यातून काहीच ठरत नाही. पाहायचं ते मेल आला कुठून, हे.

मेलच्या वर ‘Admission Cell’ असं ठळक नाव दिसतं. ते नाव पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेलं असतं. तिथे कुणी राज्यपालांचं नावही टाकू शकतो. मोबाइलवर त्या नावाखाली ‘to me’ लिहिलेलं असतं, त्याच्याशेजारचा छोटा बाण दाबला की खरा पत्ता उघडतो. आपल्या नमुन्यात तो असा निघतो:

```
admission@apalecollege-ac.in
```

कॉलेजचा खरा पत्ता मात्र apalecollege.ac.in आहे. फरक एवढाच की डॉटच्या जागी डॅश आहे. पण त्या एका खुणेने मालक बदलतो. ac.in आणि edu.in या शेपट्या कुणालाही विकत मिळत नाहीत. अर्नेट इंडिया ही केंद्र सरकारची संस्था त्या फक्त शिक्षणसंस्थांना, कागदपत्रं पाहून देते. नुसती .in ही शेपटी मात्र कुणीही काही शे रुपयांत, घरबसल्या घेऊ शकतो. apalecollege-ac.in हे असंच नुसतं .in आहे, मधलं ‘ac’ हा केवळ नावाचा भाग झाला. gov.in चीही गत तीच: scholarships.gov.in हे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आहे, पण तिथला डॉट डॅशमध्ये बदलला की ते कुणाचंही असू शकतं.

दुसरी युक्ती पत्ता लांबवण्याची. apalecollege.ac.in.seat-confirm.com असा पत्ता डावीकडून वाचला तर ओळखीचा वाटतो. डोळे ‘ac.in’ पाशी थांबतात आणि पुढचं वाचतच नाहीत. पत्ता उजवीकडून वाचायचा असतो. @ नंतर, किंवा लिंक असेल तर पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, जे सगळ्यात शेवटी येतं तो मालक. इथे मालक seat-confirm.com आहे, डावीकडे त्याने स्वतःच्या हौसेने काहीही लिहिलेलं असू शकतं.

आता एक अडचण. ‘ac.in किंवा gov.in नसेल तर खोटं’ असा सोपा नियम करावासा वाटतो, पण तो टिकत नाही. खुद्द महाराष्ट्राच्या सीईटी सेलचं अधिकृत संकेतस्थळ cetcell.mahacet.org आहे, म्हणजे शेपटी .org. कित्येक जुनी, चांगली कॉलेजं .com किंवा .org वर आहेत. काही ठिकाणी तर कार्यालय अजूनही साध्या जीमेलवरून पत्रव्यवहार करतं (ही सवय मोडायला हवी, पण तो वेगळा विषय). तेव्हा पत्ता ओळखीचा नसणं हा पुरावा नव्हे, संशय आहे. आणि तो फेडायचा मार्ग मेलच्या बाहेर आहे.

त्याआधी संगणकावर करण्यासारखी एक तपासणी सांगतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर ‘Show original’ निवडलं की वर SPF, DKIM आणि DMARC अशा तीन ओळी दिसतात, समोर PASS किंवा FAIL. पहिली सांगते की त्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरूनच मेल निघाला का. दुसरी म्हणजे मेलवरची डिजिटल सही. तिसरी पाहते की आपल्याला दिसणाऱ्या पत्त्याचं डोमेन या दोन्हींपैकी किमान एकाशी जुळतं का. कॉलेजचा अस्सल पत्ता दिसत असूनही DMARC समोर FAIL असेल, तर बहुधा कुणीतरी तो पत्ता मुखवट्यासारखा लावला आहे. पण तिन्ही PASS आले म्हणून हुरळून जायचं नाही. आपल्या नमुन्यातल्या डॅशवाल्या भामट्यालाही तिन्ही PASS मिळतील, कारण मेल खरोखरच त्याच्या स्वतःच्या डोमेनवरून आला आहे. ही तपासणी फक्त पत्ता खरा आहे का ते सांगते, त्या पत्त्यावर कोण राहतं ते नाही.

आता मेलमधल्या दाव्याकडे वळू. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, म्हणजे कॅपमध्ये, मिळालेली जागा उमेदवाराच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसते, आणि जागा स्वीकारण्याचं शुल्कही तिथूनच भरायचं असतं. मुलीने पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन केलं आणि तिथे तसं काही नसेल, तर कॅपमधून जागा मिळालेली नाही. मेलमधल्या लिंकवरून मात्र लॉगिन करायचं नाही. तिकडे दिलेला पासवर्ड आणि ओटीपी वापरून दुसरा कुणी तिचा पर्याय अर्ज बदलू शकतो, आणि हे नुकसान १८,५०० रुपयांपेक्षा मोठं आहे.

लबाडांनाही हे ठाऊक असतं. म्हणून मेलमध्ये हळूच लिहिलेलं असतं: ‘ही जागा कॅपबाहेरची, संस्था पातळीवरची आहे.’ इथे सावध व्हावं. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत २० टक्क्यांपर्यंत जागा संस्था पातळीवर भरता येतात, म्हणजे अशा जागा अस्तित्वात आहेत आणि त्या कॅपच्या वाटपात दिसत नाहीत. पण म्हणून त्या मेलवर वाटल्या जात नाहीत. २०१५ च्या राज्य कायद्याखाली कॉलेजला त्यांची जाहिरात द्यावी लागते, अर्ज मागवून गुणवत्ता यादी लावावी लागते आणि झालेल्या प्रवेशांना प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. फी किती घ्यायची तेही शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. त्यामुळे मुलीने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मी या कॉलेजात संस्था पातळीसाठी अर्ज केला होता का? केला नसेल, तर गुणवत्ता यादीत तिचं नाव येणारच कुठून?

शिष्यवृत्तीच्या मेलचंही असंच. राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात, आणि मंजूर रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. खातं आधार क्रमांकावरून शोधलं जातं. म्हणून ‘शिष्यवृत्ती जमा करण्यासाठी खाते क्रमांक, कार्डाचे तपशील आणि ओटीपी कळवा’ असा मेल आला, तर तो मागत असलेल्या माहितीची सरकारला गरजच नाही. आपलं कोणतं खातं जोडलेलं आहे ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर स्वतः पाहता येतं. शिष्यवृत्ती सोडवून घेण्यासाठी आधी ‘प्रोसेसिंग फी’ भरा, असं कुणी म्हणालं, तर पुढे वाचायचं कारण नाही. कॉलेजची स्वतःची, ट्रस्टची शिष्यवृत्ती असेल तर ती बहुधा फीमध्येच वळती होते, आणि ते पावतीवर दिसतं.

आता खात्री करायचा फोन. मेलमधला नंबर सोडून द्यावा, आणि गुगलच्या शोधात वर येणारी जाहिरातही. सीईटी सेलच्या किंवा तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॉलेज यादीतून संकेतस्थळ आणि नंबर घ्यावा आणि कार्यालयात विचारावं: ‘या तारखेचं, या जावक क्रमांकाचं पत्र तुमच्याकडून गेलं आहे का?’ कार्यालयातून गेलेल्या पत्राची नोंद जावक रजिस्टरात असते, आणि ती पाहायला क्लार्कला दोन मिनिटं पुरतात. बनावट पत्रावर जावक क्रमांक नसतोच, किंवा असला तरी रजिस्टरात त्या क्रमांकावर दुसरंच काहीतरी असतं. नुसतं ‘तुम्ही शिष्यवृत्ती देता का?’ असं विचारलं, तर उत्तर ‘हो’ येईल आणि खोट्या मेलवर उगाच विश्वास बसेल.

पैसे भरण्याच्या पडद्यावर शेवटची खूण असते. क्यूआर स्कॅन केल्यावर यूपीआय अ‍ॅप समोरच्याचं नाव दाखवतं. तिथे कॉलेज किंवा ट्रस्टऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव आलं, तर थांबायचं. ‘ते आमचे अकाउंटंट आहेत’ हे स्पष्टीकरण ऐकायला थांबायचं नाही. ही खूण आणखी एका प्रसंगी कामी येते, कारण कधीकधी कॉलेजच्याच कर्मचाऱ्याचा मेल आयडी कुणाच्या तरी हाती लागतो. तेव्हा पत्ता अस्सल असतो, डॉट जागेवर असतो, तिन्ही ओळी PASS असतात, आणि ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ हे एकच वाक्य खोटं असतं.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या क्रमांकावर फोन, मग बँक, मग cybercrime.gov.in वर तक्रार, याच क्रमाने आणि शक्य तितक्या लवकर. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते. कॅपचा पासवर्ड लगेच बदलावा. आणि रागाच्या भरात तो मेल पुसून टाकू नये, नुसता स्क्रीनशॉटही पुरत नाही. ‘Show original’ च्याच पानावर ‘Download original’ आहे. मेल कोणत्या सर्व्हरवरून निघाला याची नोंद त्या फाइलमध्ये राहते, आणि पोलिसांना ती लागते.