अखेरच्या साठ्याचे मूल्यांकन आणि नफ्याचे वर्ष

अलिबागनजीकचे नागाव नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे सुपारीची खरेदी-विक्री करणारा एक व्यापारी उदाहरणादाखल कल्पावा. पुढील आकडेही गृहीत आहेत.

वर्षारंभी त्याजकडे ३०० रुपये दराची २०० किलो सुपारी शिल्लक होती. पुढे त्याने ३४० रुपयांनी ३०० किलो व ३८० रुपयांनी ५०० किलो खरेदी केली. एकूण १,००० किलो मालाचा परिव्यय ३,५२,००० रुपये झाला. वर्षअखेरीस सर्व खरेदी झाल्यानंतर ४२० रुपये दराने ७०० किलोंची विक्री होऊन २,९४,००० रुपये आले, आणि ३०० किलो माल उरला.

प्रथम आलेला माल प्रथम गेला असे मानल्यास उरलेला माल शेवटच्या खरेदीतील ठरतो. त्याचे मूल्य १,१४,००० रुपये व ढोबळ नफा ५६,००० रुपये येतो. भारित सरासरीने दर ३५२ रुपये पडतो. साठा १,०५,६०० रुपयांचा व नफा ४७,६०० रुपयांचा होतो. कोठारातून प्रत्यक्षात कोणते पोते आधी उचलले, याचा येथे संबंध नाही. हे परिव्ययाच्या वाटपाविषयीचे गृहीतक आहे.

८,४०० रुपयांचा हा फरक नव्याने निर्माण झालेला नफा मात्र नव्हे. अखेरचा साठा हाच पुढील वर्षाचा आरंभीचा साठा असतो. पुढील वर्षी सर्व माल विकला गेला व काहीही उरले नाही, तर पहिल्या पद्धतीत नफा तेवढ्याच रकमेने कमी दिसेल आणि दोन वर्षांची बेरीज सारखीच येईल. परंतु साठा दरवर्षी राहत असेल व भाव चढतच असतील, तर फरक फिटत नाही, तो पुढे सरकत राहतो. उतरत्या भावात परिणाम उलट होतो, हे ओघानेच आले.

याहून उद्बोधक आहे ती भाव कोसळल्याची स्थिती. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या लेखामानक २ नुसार साठा परिव्यय व निव्वळ वसूलयोग्य मूल्य यांपैकी कमी असेल त्या रकमेने दाखवावा लागतो. विक्रीखर्च वजा जाता किलोमागे ३५० रुपयेच मिळण्याजोगे असतील, तर दोन्ही पद्धतींत साठा १,०५,००० रुपयांवर आणि नफा ४७,००० रुपयांवर येतो. पद्धतींमधील भेद तेथे उरतच नाही!

परीक्षकाने सावध राहावे ते पद्धत बदलली जाते तेव्हा. वरील उदाहरणात ढोबळ नफ्याचे विक्रीशी प्रमाण एका पद्धतीने सुमारे १९ टक्के, तर दुसरीने सुमारे १६ टक्के येते. विक्रीदर व खरेदीदर यांतील अंतर कायम असताना हे प्रमाण अचानक चढले, तर प्रथम साठ्याची यादी मागवावी आणि तिच्यातील दर शेवटच्या खरेदीच्या पावत्यांशी ताडून पाहावेत.