एक पायरी हाताने, एक नमपायने

ग्रेडियंट डिसेंटमध्ये चूक ज्या दिशेने वाढते तिच्या उलट दिशेला मॉडेलचे वजन दर फेरीला थोडे सरकवतात. सरळ रेषा बसवण्याच्या गणितात चुकांच्या वर्गांची बेरीज 2m ने भागून कॉस्ट काढली, तर वजन बदलण्याचे सूत्र असे येते:

```
w := w − (α/m) Xᵀ(Xw − y)
```

नमपायमध्ये ही एकच ओळ आहे आणि ती सूत्रासारखीच दिसते:

```python
w = w - alpha / m * X.T @ (X @ w - y)
```

दिसण्यावर मात्र विसंबता येत नाही. त्यासाठी पहिली पायरी कागदावर करावी. x च्या किमती 1, 2, 3 आणि y च्या 2, 4, 6 घेतल्या, तर योग्य वजन 2 हे उघडच आहे. w = 0 पासून सुरुवात केल्यास चुका −2, −4, −6 येतात. प्रत्येकीला आपापल्या x ने गुणून बेरीज होते −28. तिला 3 ने भागले की ग्रेडियंट −9.333. α = 0.1 धरल्यास नवे वजन 0.9333.

कोडमध्ये X चा शेप (3,1), w चा (1,1), पण y चा (3,) असेल, तर उत्तर येते 0.4, 0.8, 1.2. एका वजनाची तीन झाली! `X @ w` हा उभा स्तंभ आणि y ही साधी यादी यांची वजाबाकी करताना नमपाय ब्रॉडकास्टिंगच्या नियमाने 3×3 चा तक्ता बनवते आणि तक्रार करत नाही. फेऱ्या चालू ठेवल्या तर तिन्ही वजने 0.857, 1.714 आणि 2.571 वर स्थिरावतात. याच तक्त्यावरून मोजलेली कॉस्टही दर फेरीला उतरते. म्हणून ‘कॉस्ट कमी होतेय ना’ ही कसोटी इथे कुचकामी ठरते. `y.reshape(-1, 1)` केले की 0.9333 मिळते. गंमत म्हणजे तीच ओळ `w -= ...` अशी लिहिली असती, तर (1,1) च्या जागेत (1,3) मावत नाही म्हणून प्रोग्राम तिथेच थांबला असता.

शेप बरोबर असूनही गुणक चुकू शकतो. तो पकडायला w किंचित पुढे-मागे सरकवून कॉस्टमधला फरक मोजतात:

```
(J(w+ε) − J(w−ε)) / 2ε
```

ε = 1e-5 ठेवल्यास वरच्या उदाहरणात जवळजवळ −9.333 यायला हवे. कोडचा ग्रेडियंट −18.667 असेल, तर नेमक्या दुपटीवरून कळते की सूत्रातला 1/2 कोडमध्ये राहून गेला. α = 0.1 असताना ही चूक लपते, उलट उत्तर लवकर मिळते; α = 0.3 केला की वजन भरकटते, मूळ सूत्र मात्र तेव्हाही 2 कडेच जाते.

या पडताळणीसाठी J साध्या फॉर लूपने लिहिणे बरे, नाहीतर शेपची तीच चूक दोन्हीकडे शिरते. शिवाय ती फक्त ग्रेडियंट तपासते. वजाऐवजी अधिक पडले असेल, किंवा दोन वजनांपैकी पहिले बदलून त्याच नव्या किमतीवर दुसऱ्याचा ग्रेडियंट काढला असेल, तर ते कागदावरच्या पायरीशी ताडून पाहिल्यावरच दिसते.