पहिल्या महिन्यातले गुण

सातवीच्या एका तुकडीला तीन आठवडे टॅबलेटवर अपूर्णांक शिकवले आणि शेजारच्या तुकडीला नेहमीसारखे फळ्यावर, असे समजा. चाचणीत टॅबलेटवाली मुले पुढे निघाली. पण त्या वर्गात टॅबलेटशिवायही बरेच काही बदलले होते. नवी वस्तू हातात आल्याने मुले एरवीपेक्षा जास्त वेळ गणितात रमली. हा नावीन्याचा परिणाम. शिवाय मागच्या बाकावर कोणीतरी निरीक्षक वही घेऊन बसत होता, आणि आपल्याकडे पाहिले जाते आहे हे मुलांना आणि शिक्षकांनाही ठाऊक होते. हा हॉथॉर्न परिणाम.

हे नाव शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यावरून आले. तिथे १९२४ पासून उजेड कमीजास्त करून कामाचा वेग मोजला गेला. उजेड वाढवा की घटवा, काम वाढतेच, ही गोष्ट पुढे पाठ्यपुस्तकांत रुजली. २०११ मध्ये लेव्हिट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी मूळ आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तिला फारसा आधार सापडला नाही. शाळांतल्या प्रयोगांचा १९८९ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही नुसते खास लक्ष मिळालेल्या मुलांचे गुण एकंदरीत वाढलेले दिसले नाहीत. म्हणून मला नावीन्याचा संशय जास्त येतो.

त्याचा मागही आकड्यांत दिसतो. जेम्स कुलिक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये माध्यमिक शाळांत संगणकावरून शिकवण्याचे अनेक अभ्यास एकत्र केले. चार आठवड्यांपर्यंतच्या अभ्यासांत फायदा ०.५६ प्रमाण विचलन इतका होता. पाच ते आठ आठवड्यांच्या अभ्यासांत तो ०.३० वर आला आणि त्याहून लांबलेल्यांत ०.२० वर. सोप्या भाषेत सांगायचे तर, शंभर मुलांत बरोबर मध्यावर असलेले मूल पहिल्या हिशोबाने सुमारे २१ मुलांना मागे टाकते आणि शेवटच्या हिशोबाने जेमतेम आठांना. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे एकाच वर्गाचे तीन टप्पे नाहीत, वेगवेगळे अभ्यास आहेत, त्यामुळे घसरणीला इतर कारणेही असू शकतात. छोटे प्रयोग अधिक काटेकोर पार पडतात, हे त्यांपैकी एक.

रिचर्ड क्लार्क यांनी त्याच वर्षी आणखी एक दुवा दाखवला. दोन्ही गटांना एकाच शिक्षकाने शिकवले की संगणकाची आघाडी बरीचशी ओसरते. म्हणजे फरक यंत्रापेक्षा धड्याच्या तयारीचा असू शकतो.

आपल्या सातवीत याचा निकाल लावायचा तर शेजारच्या तुकडीलाही टॅबलेट द्यावेत, पण त्यांवर जुनीच उदाहरणे ठेवावीत. निरीक्षक दोन्हीकडे बसवावा आणि धडे एकाच शिक्षकाने घ्यावेत. मग पहिली चाचणी तिसऱ्या आठवड्यात आणि दुसरी सत्राच्या शेवटी घ्यावी. दोन्ही तुकड्या तिसऱ्या आठवड्यात बरोबरीने वर गेल्या, तर ती वाढ नव्या पद्धतीच्या खात्यात टाकता येणार नाही. फरक सत्राअखेरीसही टिकला, तर मात्र तोच प्रयोग आणखी बऱ्याच शाळांत करून पाहावा, कारण दोनच तुकड्यांत एखादी तुकडी मुळातच हुशार निघू शकते.